एका फटीचं विवर्तन आणि फूरिये रूपांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या बी.एस्सी.च्या मुलांना प्रकाशिकीच्या प्रॅक्टिकलमध्ये एका फटीचा प्रयोग करावाच लागतो. जर्नलमध्ये `a sinθ = mλ` लिहिलं, सरासरी काढली, सही घेतली की तो संपतो. पुढे कधीतरी लेक्चरमध्ये ऐकायला मिळतं की भिंतीवर दिसलं ते त्या फटीचं फूरिये रूपांतर होतं, आणि मग मुलं प्रश्न घेऊन येतात. खाली तेच प्रश्न आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे: फट ०.१ मिमी रुंद, लाल लेसर ६५० नॅनोमीटरचा आणि भिंत फटीपासून २ मीटरवर.

रूपांतर नेमकं कशाचं होतं? प्रकाशाचं की फटीचं?

फटीतून बाहेर पडणाऱ्या तरंगाच्या आयामाचं. फटीच्या आडव्या दिशेला x म्हणा. जिथे फट उघडी आहे तिथे A(x) = 1, जिथे धातू आहे तिथे 0. त्याचा आलेख एका चौकोनी ठोकळ्यासारखा दिसतो. लेसरचा ठिपका साधारण मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा आणि फट त्याच्या दहाव्या हिश्श्याहून फार मोठी नाही, म्हणून फटीभर प्रकाश एकसारखा पडतो असं धरायला हरकत नाही.

आता θ कोनात जाणारा प्रकाश घ्या. x या जागेवरून निघालेल्या तरंगाला मध्यावरून निघालेल्या तरंगापेक्षा x sinθ इतकं अंतर कमी-जास्त कापावं लागतं. तेवढा फेजचा फरक धरून सगळ्या जागांची बेरीज केली की:

```
U(θ) = ∫ A(x) exp(-i 2π x sinθ / λ) dx
```

यात `sinθ/λ` ला f म्हटलं की हे शब्दशः फूरिये रूपांतर आहे. वेगळं काही गृहीत धरावं लागत नाही. फक्त दोन गोष्टी विसरू नका. भिंतीवर U दिसत नाही, `|U|²` दिसतो. आणि हे समीकरण भिंत पुरेशी लांब असेल तरच खरं आहे. दोन्हींबद्दल पुढे येतंच.

भिंतीवरच्या एका बिंदूला "वारंवारता" कशी काय असू शकते?

इथली वारंवारता सेकंदामागे नसते, मिलिमीटरमागे असते. मध्यापासून १३ मिमीवरचा बिंदू घ्या. तिथे sinθ = १३/२००० = ०.००६५. त्याला तरंगलांबीने भागलं की मीटरमागे १०,००० येतात, म्हणजे मिलिमीटरमागे १०. याचा अर्थ असा की फटीच्या जागी मिलिमीटरला १० रेघांची ग्रेटिंग लावली असती, तर तिचा पहिला ऑर्डर नेमका या बिंदूवर पडला असता. २६ मिमीवर २० रेघांच्या ग्रेटिंगचा पडला असता.

थोडक्यात भिंत हा एक आलेखच आहे. मध्यबिंदू म्हणजे शून्य वारंवारता, आणि बाहेर जाल तशी वारंवारता वाढत जाते. ठोकळ्यासारख्या A(x) मध्ये कुठली लहर किती आहे, ते त्या-त्या ठिकाणच्या उजेडावरून वाचायचं.

मग पहिला अंधार १३ मिमीवरच का?

कारण मिलिमीटरला १० ची लहर म्हणजे ०.१ मिमी लांबीची लहर, आणि आपली फटही तेवढीच रुंद आहे. फटीत त्या लहरीचं बरोबर एक आवर्तन बसतं. अर्धं आवर्तन धन, अर्धं ऋण, बेरीज शून्य. २० ची लहर घेतली तर दोन आवर्तनं बसतात आणि बेरीज पुन्हा शून्य होते. म्हणून अंधार १३, २६, ३९ मिमीवर. पुस्तकात फटीचे दोन समान भाग करून वरच्या-खालच्या किरणांच्या जोड्या लावून दाखवतात, तेही हेच आहे. पण दुसऱ्या मिनिमासाठी चार भाग का करायचे हे मुलांना तिथे उमगत नाही, आणि आवर्तनं मोजली की तो प्रश्नच उरत नाही.

हाच हिशेब तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये केलेला असतो. फंक्शन जनरेटरवर १ मिलिसेकंद रुंदीचा पल्स दर २० मिलिसेकंदांनी द्या आणि डिजिटल ऑसिलोस्कोपवर FFT लावा. ५० हर्ट्झच्या अंतराने उभ्या रेघा दिसतात, आणि त्यांची उंची १, २, ३ किलोहर्ट्झला शून्यावर येते. पल्सच्या रुंदीच्या जागी फटीची रुंदी ठेवा, गणित तेच राहतं.

मधली पट्टी दुप्पट रुंद आणि बाजूच्या इतक्या फिक्या का?

ठोकळ्याचं रूपांतर `sin(πaf)/(πaf)` असं येतं. af = ०, म्हणजे अगदी मध्यात, अंधार नसतो, कारण तिथे सगळे तरंग एकाच फेजमध्ये येतात. त्यामुळे मधली पट्टी −१ ते +१ पर्यंत पसरते आणि बाकीच्या १ ते २, २ ते ३ अशा. आपल्या मापात मधली २६ मिमीची, बाकीच्या १३ मिमीच्या.

बाजूच्या पट्टीत फटीत एक आवर्तन पूर्ण बसून कटून जातं आणि उरलेल्या तुकड्याचा काय तो उजेड. म्हणून पहिल्या बाजूच्या पट्टीची तीव्रता मधल्याच्या अवघी ४.७ टक्के, दुसरीची १.६ टक्के. एकूण प्रकाशातला सुमारे ९० टक्के मधल्या पट्टीतच असतो.

एक बारकावा. बाजूच्या पट्टीचा सर्वांत तेजस्वी बिंदू बरोबर मधोमध, १.५ वर नसतो. तो १.४३ वर असतो, म्हणजे १९.५ मिमीऐवजी १८.६ मिमीवर. पुढच्या पट्टीत २.४६ वर. बाहेरच्या अंगाला भागाकारातला πaf वाढत असल्यामुळे शिखर थोडं आत ओढलं जातं. जर्नलमध्ये मॅक्सिमा मोजून (m + ½) वापरणाऱ्यांच्या उत्तरात पहिल्याच पट्टीला जवळजवळ ५ टक्क्यांची चूक का येते, ते यावरून कळेल. मोजायचे ते मिनिमाच.

फट निम्मी केली तर मध्यावरची तीव्रता निम्मी व्हायला हवी ना? चौथाई का होते?

निम्मी होते ती आत येणारी एकूण ऊर्जा. मध्यबिंदूवरचा आयाम म्हणजे A(x) खालचं क्षेत्रफळ, ते निम्मं झालं. तीव्रता त्याचा वर्ग, म्हणून पाव. दुसरीकडे आकृती दुप्पट पसरली, पहिला मिनिमा १३ वरून २६ मिमीवर गेला. पाव उंची आणि दुप्पट रुंदी, गुणाकार निम्मा. हिशेब जुळला. आकुंचित फलनाचं रूपांतर पसरतं, हा फूरियेचा नियम डोळ्यांनी बघायचा असेल तर स्क्रू फिरवता येईल अशी फट घ्या आणि हळूहळू आवळत जा. भिंतीवरची आकृती रुंदावते आणि त्याच वेळी मंद होत जाते.

घरी करायचा तर सामान काय आणि मोजायचं कसं?

लेसर पॉइंटर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. ५ मिलिवॅटच्या आतला घ्या, आणि भिंतीवरचं बघा, लेसरमध्ये डोकावू नका. फट म्हणून दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे काचेच्या पट्टीवर एकाच बाजूने, धारा समोरासमोर ठेवून चिकटवा. "एकाच बाजूने" का, ते पुढच्या एका प्रश्नात येईल.

भिंतीवर कागद लावा, खोलीत अंधार करा आणि मिनिमांच्या मध्यावर पेन्सिलीने खुणा करा. मध्यबिंदूपासून मोजू नका, कारण मधली पट्टी झगझगीत असते आणि तिचा मध्य डोळ्याने ठरवणं अवघड जातं. डावीकडच्या तिसऱ्या मिनिमापासून उजवीकडच्या तिसऱ्यापर्यंतचं अंतर घ्या. आपल्या उदाहरणात ते ७८ मिमी येईल, भागिले ६, म्हणजे १३. मग a = λL/१३ मिमी = ०.१ मिमी. पट्टीने १ मिमीची चूक झाली तरी उत्तरात सव्वा टक्क्याचाच फरक.

खरी अडचण वेगळीच आहे. स्वस्तातल्या पॉइंटरच्या लेबलवर बहुधा ६३० ते ६८० नॅनोमीटर असं लिहिलेलं असतं. म्हणजे तरंगलांबीतच जवळजवळ ४ टक्के इकडे-तिकडे, आणि ती चूक थेट a मध्ये जाते. जुनी सीडी असेल तर आधी तरंगलांबी काढून घ्या. सीडीच्या दोन ओळींतलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं. लेसर सीडीवर सरळ लंब पाडला की पहिला परावर्तित ऑर्डर ६५० साठी साधारण २४ अंशांत जातो, ३० सेमीवरच्या पडद्यावर मध्यापासून सुमारे १३.३ सेमीवर. कोन मोठा असल्यामुळे इथे tan आणि sin वेगळे ठेवा, θ मानून चालणार नाही.

संगणकावर FFT करून बघितली तर फक्त एकच टोकदार रेघ आली. असं का?

हे दरवर्षी कुणातरी मुलाच्या स्क्रीनवर दिसतं. बहुतेक वेळा ॲरेमध्ये फक्त फट घेतलेली असते, म्हणजे शंभर नमुने आणि शंभरही 1. FFT ज्या वारंवारतांवर उत्तर देते त्या ॲरेच्या एकूण लांबीवर ठरतात: 1/लांबी, 2/लांबी, आणि असंच पुढे. लांबी फटीएवढीच असेल तर हे सगळे बिंदू नेमके मिनिमांवर पडतात. प्रत्येक ठिकाणी शून्य, फक्त मध्यात शिखर. उत्तर चुकीचं नाही, तुम्ही आकृतीकडे फक्त तिच्या अंधारातून बघताय. फटीच्या दोन्ही बाजूंना भरपूर शून्यं जोडा:

```python
import numpy as np
lam, L, a = 650e-9, 2.0, 1e-4
N, dx = 4000, 1e-6
x = (np.arange(N) - N/2 + 0.5) * dx
A = (np.abs(x) < a/2).astype(float)
F = np.fft.fftshift(np.fft.fft(A))
f = np.fft.fftshift(np.fft.fftfreq(N, dx))
I = np.abs(F)**2 / np.abs(F).max()**2
y = lam * L * f * 1000      # mm
k = np.argmax(I)
print(y[k+40], I[k+40])     # 13.0, ~0
print(y[k+57], I[k+57])     # 18.5, ~0.047
```

x मध्ये 0.5 मिळवलं आहे, त्यामुळे बरोबर १०० नमुने फटीत येतात. तो काढला तर ९९ किंवा १०१ होण्याची शक्यता असते आणि मिनिमा १३ वरून सरकतो. शिवाय फट ॲरेच्या मध्यात असूनही आधी `ifftshift` केलेलं नाही. आपण फक्त वर्ग बघतोय म्हणून इथे ते चालून जातं. फेज हवा असेल तर नाही चालणार.

फट बाजूला सरकवली की आकृतीही सरकते का?

नाही. A(x) हे x₀ एवढं सरकलं की U ला फक्त `exp(-i2πf x₀)` हा फेजचा गुणक लागतो, आणि वर्ग घेताना तो नाहीसा होतो. भिंतीवर आकृती प्रत्यक्षात x₀ एवढी, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशांशाने सरकते खरी, पण १३ मिमीच्या पट्ट्यांत ते दिसत नाही. फटीनंतर बहिर्गोल भिंग लावून त्याच्या नाभीप्रतलात पडदा ठेवला तर तेवढीही सरकत नाही. लेसर तिरका केला तर मात्र सगळी आकृती सरकते, कारण तेव्हा फटीवरच तिरका फेज येतो.

माझी आकृती डावीकडे आवळलेली आणि उजवीकडे पसरलेली दिसते. फटीत घाण असेल का?

असेल, पण घाणीमुळे असं होत नाही. या पानावरचं सर्वांत कामाचं उत्तर मला हेच वाटतं. A(x) मध्ये फक्त प्रकाश अडवणारे भाग असतील, म्हणजे ते वास्तव फलन असेल, तर `|U(f)|²` आणि `|U(-f)|²` सारखेच येतात. धुळीचा कण, एका बाजूची वाकडीतिकडी कड, अर्धवट झाकलेली फट, यांनी आकृतीचं रूप बिघडेल, मिनिमा पूर्ण काळे होणार नाहीत, पण डावी-उजवी बाजू जुळेल. फटच डावी-उजवीकडे वेगळी असली तरीही. त्यामुळे आकृती असमान दिसली की ओळखायचं, कुठेतरी फेजची गडबड आहे.

घरी केलेल्या फटींत ही गडबड हमखास एकाच कारणाने येते: दोन ब्लेडं एका पातळीत नसतात. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून एक ब्लेड पुढून आणि दुसरं मागून चिकटवलं तर दोन धारांमध्ये पुठ्ठ्याच्या जाडीएवढं, समजा १ मिमी, पुढचं-मागचं अंतर पडतं. मग दोन धारांमधला मार्गांतर `aθ` न राहता `aθ + dθ²/2` होतो, यात d म्हणजे १ मिमी. θ च्या वर्गाला चिन्ह नसतं, त्यामुळे एका बाजूला तो मिळवला जातो आणि दुसऱ्या बाजूला वजा होतो. तिसरा मिनिमा दोन्हीकडे ३९ मिमीवर असायला हवा होता, तो एकीकडे सुमारे ३६ आणि दुसरीकडे ४४ मिमीवर येतो. पहिल्या मिनिमाला फरक कमी आणि बाहेर जाल तसा वाढत जातो, ही खूण पक्की समजा. ब्लेडं एकाच बाजूने लावली की ही असमानता जाते.

मुद्दाम बघायचं असेल तर ०.३ मिमीची फट घ्या आणि तिचा अर्धा भाग मायक्रोस्कोपच्या कव्हरस्लिपने झाका. काचेमुळे अर्ध्या प्रकाशाला फेज φ मिळतो आणि तीव्रता `sinc²(af/2) · cos²(πaf/2 + φ/2)` अशी येते, यात sinc(u) म्हणजे `sin(πu)/(πu)`. स्लिप किंचित तिरकी करत गेलं की φ बदलतो आणि काळ्या पट्ट्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकताना दिसतात. φ बरोबर π झाला की आकृती पुन्हा समान होते, फक्त मध्यात आता उजेडाऐवजी अंधार असतो.

भिंत किती लांब असली की पुरे?

पहिल्या समीकरणात आपण x च्या वर्गाचं एक पद सोडून दिलं होतं. ते सोडायला L हा a²/λ च्या मानाने खूप मोठा हवा. ०.१ मिमीच्या फटीला a²/λ दीड सेंटिमीटर येतो, त्यामुळे टेबलावरच काम भागतं. पण हा आकडा रुंदीच्या वर्गाने वाढतो. १ मिमीच्या फटीला तो दीड मीटर, म्हणजे २ मीटरवर जे दिसतं ते रूपांतर नव्हे, कडांशी लहरी असलेली फटीची धूसर सावली. तिथे नाभीप्रतलातल्या पडद्याला पर्याय नाही. मिनिमा मग `λ × नाभीअंतर / a` वर येतात.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. फट तरंगलांबीएवढी अरुंद झाली की धातूच्या कडांजवळचं विद्युतक्षेत्र आणि प्रकाशाचं ध्रुवीकरण दोन्ही हिशेबात घ्यावे लागतात आणि A(x) = 1 किंवा 0 हे गृहीतकच कोसळतं. ब्लेडच्या फटीत तिथवर पोचण्याची चिंता नको.

बाजूच्या पट्ट्या घालवता येतात का?

येतात. त्या कडांच्या धारदारपणामुळे येतात. ठोकळा एकदम 1 वरून 0 वर उतरतो आणि त्या उडीला उंच वारंवारता लागतात. कडेकडे पारदर्शकता हळूहळू कमी करत नेली तर बाजूच्या पट्ट्या विझतात, पण मधली पट्टी थोडी रुंदावते.

ही देवाणघेवाण नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर रोज कामी येते. तिथल्या प्रत्येक अँटेनाची तबकडी ४५ मीटर व्यासाची आहे. तीही एक झरोकाच, फक्त गोल, आणि आकाशात ती कुठे "बघते" तो नकाशा तिच्या झरोक्याच्या रूपांतराचा वर्ग असतो. २१ सेमीच्या रेडिओ लहरींसाठी एकसारखी भरलेली तबकडी धरली, तर पहिला मिनिमा मध्यापासून साधारण एक तृतीयांश अंशावर येतो. बाजूच्या पट्ट्यांतून भलत्याच दिशेचा सिग्नल आत येतो, म्हणून तबकडीच्या कडेचा वाटा तिच्या नाभीवरच्या फीडकडूनच कमी ठेवतात.

मोबाइलवर फोटो काढला तर बाजूच्या पट्ट्या ५ टक्क्यांपेक्षा खूप जास्त दिसतात. सिद्धांत चुकला का?

फोटो सरळ रेषेत नोंदत नाही. जेपेगमध्ये साठवताना अंधाऱ्या भागांचे आकडे वर उचललेले असतात, त्यामुळे ४.७ टक्के तीव्रतेचा आकडा मधल्याच्या जवळजवळ पाव दिसतो. त्यात मधली पट्टी सेन्सरला झेपली नाही की तिचा माथा सपाट होतो आणि गुणोत्तर आणखी बिघडतं. रॉ फाइल वापरा आणि एक्स्पोजर इतका कमी ठेवा की मधला भाग पूर्ण पांढरा होणार नाही. अंतरं मोजायला मात्र साधा फोटोही चालतो, मिनिमा जागेवरच राहतात.

फोटोवरून उलटं रूपांतर करून फट परत मिळवता येईल का?

थेट नाही. तीव्रतेचं उलटं रूपांतर केलं तर A(x) मिळत नाही, A चा स्वतःशीच सरकवून केलेला गुणाकार मिळतो. आपल्या ठोकळ्यासाठी तो ०.२ मिमी पायाचा त्रिकोण येतो, फटीच्या दुप्पट रुंद. वरचा पायथनचा कोड चालवून `I` वर `np.fft.fftshift(np.fft.ifft(np.fft.ifftshift(I))).real` लावा, त्रिकोण समोर येईल. फट एकसारखी उघडी आहे एवढं आधी माहीत असेल तर त्रिकोणाचा पाया मोजून a काढता येतो, प्रॅक्टिकलमध्ये आपण वेगळ्या वाटेने तेच करतो. पण फटीत नेमकं काय आहे हेच माहीत नसेल, तर एका मितीत एकाच आकृतीला साजेशा अनेक फटी सापडू शकतात, आणि त्यांतली खरी कोणती हे नुसत्या फोटोवरून ठरत नाही.